गूळ पावडरीची लाइन: तीन ब्रेकइव्हन आणि तीन वेगळी उत्तरं

कोल्हापूरच्या गूळ बाजारातली एक अडत पेढी. गुऱ्हाळवाल्यांचे रवे सौद्याला लावायचे, अडत घ्यायची, थोडा माल स्वतःच्या नावावर घेऊन गुजरातकडे पाठवायचा, हा तिचा जुना धंदा. धाकट्या भावाच्या मनात गूळ पावडर आली: एक किलोचं पाऊच, स्वतःचं नाव, थेट वितरक. पेढी रचलेली आहे आणि आकडे हिशोब कागदावर करता यावा इतपत गोल केले आहेत. पण किती विकलं की लाइन परवडते, हा प्रश्न रचलेला नाही. नवी लाइन टाकणाऱ्या छोट्या उद्योगांचे प्रोजेक्ट रिपोर्ट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल.

यंत्रसामग्री ५० लाखांची: रवे फोडणारं क्रशर, ड्रायर, दळण आणि चाळणी, पाऊच मशीन. आयुष्य पाच वर्षं धरलं, नंतरची किंमत शून्य. पूर्ण क्षमतेने वर्षाला २ लाख किलो पावडर निघेल. वितरकाला किलोमागे ९० रुपये, जीएसटी सोडून.

बदलता खर्च किलोला ७० रुपये. त्यात एकटा गूळच ४८ रुपयांचा. बाजारात गूळ ४५ ला मिळतो, पण सुकवताना ओलावा जातो, चाळणीवर थोडं राहतं, आणि १०० किलो गुळातून ९३ किलोच्या आसपास पावडर हाती येते. ही घट न धरता ४५ रुपयेच लिहिले तर पुढचा सगळा हिशोब खोटा पडतो. ड्रायर घाईने चालवून घट वाचवावी म्हटलं तर ओलावा राहतो, पावसाळ्यात पाऊचमध्ये गोळे होतात आणि माल परत येतो. उरलेले २२ रुपये वीज-इंधन, पाऊच-खोके, पॅकिंगची मजुरी, वाहतूक आणि सेल्समनचं कमिशन यांचे.

म्हणजे किलोमागे २० रुपये उरतात. याला पुस्तकात अंशदान म्हणतात, पेढीवर 'सुटतात' म्हणतात. या वीस रुपयांतून वर्षाचा स्थिर खर्च भागवायचा: शेडचं भाडं, सुपरवायझर आणि कायमचे कामगार, विमा, तपासणी, देखभाल, थोडी जाहिरात. सगळं मिळून १४ लाख. पेढीच्या मुनीमजींचा पगार यात मुद्दाम घेतलेला नाही. तो पावडर असली-नसली तरी द्यायचाच आहे. लाइन आल्यामुळे जो खर्च नव्याने वाढतो, तेवढाच तिच्या खात्यावर.

बँकेच्या कागदावरचा आकडा

सीएंनी बँकेसाठी रिपोर्ट केला. ३५ लाखांचं मुदत कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं. रिपोर्टात विक्रीचा अंदाज १ लाख ४० हजार किलो, म्हणजे क्षमतेच्या ७० टक्के. ब्रेकइव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा येईल इतकी विक्री, ६९ टक्के. त्यांनी स्थिर खर्चात १४ लाख, घसाऱ्याचे १० लाख आणि पहिल्या वर्षाचं साधारण साडेतीन लाख व्याज धरलं. साडेसत्तावीस लाखांना वीसने भागलं की १,३७,५०० किलो येतात. अंदाज त्याच्या किंचित वर. बँकेच्या दृष्टीने गाडी पुढे जायला हरकत नाही.

थोरल्या भावाला एवढंच कळलं, की सत्तर टक्के चाललं तर आपण नफ्यात. त्याने विचारलं, "म्हणजे पैसा सुटला म्हणायचा ना?"

सीए गप्प राहिले नाहीत, पण त्यांनी दिलेलं उत्तर कुणी नीट ऐकलं नाही. ते म्हणाले होते, "अण्णा, हा नफा-तोटा पत्रकाचा आकडा आहे. तुमच्या पन्नास लाखांचा नाही."

हा फरक उलगडायचा तर एकच प्रश्न तीन वेळा विचारावा लागतो. वर्षाला किती किलो विकले तर पुरतील? उत्तर 'कशाला पुरतील' यावर ठरतं.

रोखीचा बिंदू

सगळ्यात खालची पायरी ही. खिशातून रोज जाणारा पैसा तेवढा भागला पाहिजे. घसारा हा रोख खर्च नाही. मशीनचे पैसे एकदाच गेले, दरवर्षी पुन्हा जात नाहीत. म्हणून फक्त १४ लाखांना २० ने भागायचं: ७०,००० किलो, क्षमतेच्या ३५ टक्के. इथे लाइन स्वतःचं भाडं-पगार स्वतः भागवते आणि वर्षाअखेर तिच्याकडून येणारा पैसा शून्य असतो. पाचही वर्षं बरोबर इतकीच विक्री झाली तर मशीनचे ५० लाख अख्खे गेले. परताव्याचा दर उणे शंभर टक्के.

पेढीवर मात्र 'रोख' म्हटलं की बँकेचा हप्ताही त्यात आपोआप येतो. ३५ लाखांचा महिन्याचा हप्ता साधारण ७६ हजार, वर्षाचे ९ लाख १३ हजार. तो धरला तर बिंदू १,१५,६५० किलोवर जातो. हाही आकडा खरा आणि कामाचा, कारण खात्यात पैसे नसले की चेक परत जातो. पण तो लाइनबद्दल काही सांगत नाही. कर्ज ३५ ऐवजी २० लाखांचं घेतलं असतं तर हा आकडा खाली आला असता, आणि पावडरीत, गिऱ्हाइकात वा गुळात तिळमात्र फरक पडला नसता. त्यामुळे याला मी रोखीचा ब्रेकइव्हन न म्हणता हप्ता भरण्याची पातळी म्हणतो आणि वेगळ्या ओळीत लिहितो.

हिशेबी बिंदू

आता घसारा धरायचा. ५० लाख भागिले पाच, वर्षाला १० लाख. १४ अधिक १० म्हणजे २४ लाख, भागिले २०: १,२०,००० किलो, ६० टक्के. इथे नफा-तोटा पत्रकावर शून्य येतं. (बँकेच्या रिपोर्टातला ६९ टक्क्यांचा आकडा याच जातीचा. त्यात व्याज मिसळल्यामुळे तो वर गेलेला आहे.)

नफा शून्य, पण हातात दरवर्षी १० लाख येतात, कारण घसारा कागदावरचा. पाच वर्षांत ५० लाख. जेवढे घातले तेवढेच परत, एक रुपयाही जास्त नाही. परताव्याचा दर शून्य टक्के आणि पैसे फिटायला मशीनचं पूर्ण आयुष्य. हेच ५० लाख पाच वर्षं बिनव्याजी कुणाला उसने द्यायला अण्णा तयार झाले असते का? नसते. पण 'ना नफा ना तोटा' ही पाटी लावून तेच मागितलं की होकार येतो, कारण त्या पाटीवर काळाची किंमत लिहिलेली नसते.

वित्तीय बिंदू

म्हणून तिसरा. गुंतवलेला पैसा, त्यावर मिळायला हवा तो परतावा धरून, पाच वर्षांत वसूल व्हायला किती विक्री हवी? म्हणजेच निव्वळ वर्तमान मूल्य शून्य यायला किती किलो?

आधी दर ठरवावा लागतो. बँकेचे ११ टक्के इथे लावणं चूक. बँकेला तारण आहे आणि पेढीची जामीनकी आहे, नव्या ब्रँडची जोखीम तिने घेतलेलीच नाही. ती घेतली पेढीने. पेढीचा स्वतःचा पैसा गुळाच्या व्यापारात जे कमावतो त्याचा आणि कर्जाचा मेळ घालून इथे १४ टक्के धरले. हा दर घेतला की व्याज स्थिर खर्चात पुन्हा धरायचं नाही, कारण ते दरातच आलेलं असतं. दोन्हीकडे धरलं तर तेच व्याज लाइनकडून दोनदा वसूल होतं, आणि ही चूक मी फार चांगल्या तक्त्यांतही पाहिली आहे. ओळखायची खूण सोपी: कर्जाची रक्कम बदलून पाहा. वित्तीय ब्रेकइव्हन लगेच हलला तर व्याज कुठेतरी आत घुसलं आहे.

५० लाख पाच समान वार्षिक रकमांत १४ टक्क्यांनी वसूल करायचे तर वर्षाला किती, हे एक्सेलला विचारावं:

```
=PMT(14%,5,-5000000)
```

उत्तर १४,५६,४१८. म्हणजे घसाऱ्याच्या १० लाखांच्या जागी १४ लाख ५६ हजार. १४ लाख स्थिर खर्च मिळवून २८ लाख ५६ हजार, भागिले २०: सुमारे १,४२,८०० किलो, ७१ टक्के. विक्रीचा अंदाज १,४०,००० होता. तो पहिल्यांदा इथे कमी पडला, तोही थोडक्यात. पण अजून दोन गोष्टी बाकी आहेत, आणि गुळाच्या धंद्यात त्याच जास्त भारी आहेत.

पहिली म्हणजे कर. हिशेबी बिंदूवर नफा शून्य, त्यामुळे कर शून्य, म्हणून तिथे तो दिसत नाही. वित्तीय बिंदूवर नफा असावाच लागतो, आणि त्यावर कर लागतो. सोयीसाठी २५ टक्के धरू. घसाऱ्यापेक्षा जास्त जे ४ लाख ५६ हजार हवेत ते कर भरून उरायला हवेत, म्हणजे करापूर्वी ६ लाख ८ हजार. बिंदू सरकून सुमारे १,५०,४०० किलो. प्रत्यक्षात थोडा आणखी वर, कारण आयकरात अशा यंत्रांचा घसारा साधारणपणे घटत्या शिलकीवर १५ टक्के मिळतो. पहिल्या वर्षी १० लाख नव्हे तर साडेसात लाख, आणि मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्याच्याही निम्मा.

दुसरी म्हणजे खेळतं भांडवल. गूळ निघतो साधारण दिवाळीच्या सुमारापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. पावडर मात्र बारा महिने विकायची. त्यामुळे हंगामात रवे घेऊन शीतगृहात टाकायचे, गुऱ्हाळवाल्याला पैसे लगेच द्यायचे, आणि वितरकाकडून दीड महिन्याने घ्यायचे. लाइन जोरात चालली तर यात ३० लाख अडकतात. ते पाच वर्षांनी परत मिळतात, म्हणून नफा-तोटा पत्रकावर त्यांचा मागमूस नाही. पण पाच वर्षं ते दुसरीकडे १४ टक्के कमवू शकले असते: वर्षाला ४ लाख २० हजार, करापूर्वी ५ लाख ६० हजार. २० ने भागा, आणखी २८,००० किलो.

सगळं मिळून वित्तीय ब्रेकइव्हन साधारण १,७८,४०० किलो. क्षमतेच्या ८९ टक्के.

तीनही बिंदू एकाच लाइनचे: ३५, ६० आणि ८९ टक्के. रिपोर्टातला अंदाज ७०. त्या अंदाजावर पुस्तकात, व्याज सोडून, दरवर्षी ४ लाख नफा दिसतो. एक लाख कर जातो, घसारा परत मिळवून १३ लाख हातात येतात. पाच वर्षांचे हे १३ लाख आणि शेवटी सुटणारे ३० लाख आजच्या किमतीत आणून घातलेले ८० लाख वजा केले, की निव्वळ वर्तमान मूल्य येतं उणे १९ लाख ८० हजार. दरवर्षी नफा दाखवणारी लाइन पेढीला वीस लाखांनी गरीब करते, आणि एकाही वर्षाच्या ताळेबंदात ते वेगळं दिसत नाही.

गुळाचा भाव वाढला तर

बिंदू काढून थांबू नये, तो किती हलतो हेही पाहावं. विक्रीची किंमत सहा महिने बांधलेली असते, गूळ मात्र रोज सौद्यात ठरतो. समजा गूळ किलोला ४ रुपयांनी चढला आणि पाऊचची किंमत तीच राहिली. घट धरून पावडरीला ४ रुपये ३० पैसे जास्त पडतील. सुटणारे २० चे १५ रुपये ७० पैसे झाले.

रोखीचा बिंदू ७०,००० वरून ८९,००० वर, हिशेबी १,२०,००० वरून १,५३,००० वर जातो. वित्तीय जातो २ लाख २७ हजारांवर, आणि मशीनची क्षमताच २ लाख आहे. म्हणजे एकही दिवस न थांबता चालवलं, सगळा माल खपला, तरी भांडवलाचा परतावा निघत नाही. भागायची रक्कम मोठी असली की अंशदानातली घट तीच असूनही जास्त किलो मागते. म्हणून अंशदानाला धक्का बसला की तिन्हींत वित्तीय बिंदूच सगळ्यात लांब पळतो. धाकट्याने लाइन टाकण्याआधी करायला हवं होतं ते काम हे होतं: वितरकाशी करार करताना गुळाच्या भावाशी जोडलेली किंमत मागणं. ९० टक्के विक्रीचा आग्रह धरण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडला असता.

दुसरं वर्ष

मशीन आलं. घरातलं मत शेवटी असं पडलं, की पुण्या-मुंबईत नाव झालं तर १ लाख ८० हजार किलो अवघड नाही. दुसऱ्या वर्षअखेर विक्री होती ९५,००० किलो.

अंशदान १९ लाख. स्थिर खर्च १४ जाऊन रोख ५ लाख उरले. घसारा धरून तोटा ५ लाख. बँकेचे हप्ते ९ लाख १३ हजार, म्हणजे ४ लाखांवर रक्कम पेढीच्या खात्यातून भरावी लागली. अण्णा चिडले. "गुळानं कमवायचं आणि पावडरीनं खायचं. बंद करून टाका."

धाकट्याचं म्हणणं, "बंद केलं तरी हप्ता सुटत नाही, अण्णा. आज निदान पाच लाख तरी देतंय की."

इथे दोघांचंही अर्धं बरोबर होतं. अण्णा हिशेबी तोटा आणि हप्ता पाहत होते, पण मशीनचे ५० लाख आता गेलेले आहेत. ते पुढच्या निर्णयात मोजायचे नाहीत आणि त्यांचा घसाराही नाही. धाकटा रोखीचा बिंदू पाहत होता: ९५ हजार हे ७० हजारांच्या वर, म्हणजे चालू ठेवा. पुस्तकातला नियमही असाच सांगतो. पण तो नियम एका अटीवर उभा आहे: बंद केल्यावर हातात काहीच येणार नसेल तरच.

इथे येणार होतं. मशीन विकून काही रक्कम, आणि माल-उधारीत अडकलेले, कमी विक्रीमुळे, १८ लाख. चालू ठेवणं म्हणजे हा पैसा पुन्हा तीन वर्षांसाठी लाइनमध्ये गुंतवणं. म्हणजे हाही वित्तीय ब्रेकइव्हनचाच प्रश्न, फक्त ५० लाखांच्या जागी आजची मोडीची किंमत आणि पाच वर्षांच्या जागी तीन.

जुन्या मशीनच्या व्यापाऱ्याने पाऊच मशीन पाहून मान डोलावली, ड्रायर पाहून नाही. तो गुळासाठी मापाने बनवून घेतलेला, दुसऱ्याला निरुपयोगी. सगळ्याचे मिळून ४ लाख. हे तीन वर्षांत १४ टक्क्यांनी वसूल करायला वर्षाला १ लाख ७२ हजार. अडकलेल्या १८ लाखांचे वर्षाला २ लाख ५२ हजार. स्थिर खर्च १४ लाख. एकूण १८ लाख २४ हजार, भागिले २०: ९१,२०० किलो. कर इथे सोडला आहे, त्याने निकाल उलटत नाही असं नाही, पण घराची बैठक एवढ्यावर चालली. विक्री ९५,०००. चार हजार किलोंच्या फरकाने चालू ठेवणं बरं.

हीच मशीन १५ लाखांना जात असती तर? तीन वर्षांची वार्षिक रक्कम ६ लाख ४६ हजार झाली असती आणि बिंदू सुमारे १,१५,००० किलोवर. मग अण्णांचं बरोबर ठरलं असतं, रोख पाच लाख येत असूनही. विक्री तीच, तोटा तोच, हप्ताही तोच. निकाल फिरवणारी गोष्ट एकच, की ड्रायरला गिऱ्हाईक नव्हतं. नवी लाइन टाकताना मापाची यंत्रं आणि बाजारात सहज खपणारी यंत्रं यांतला फरक म्हणूनच पहिल्या दिवशी लिहून ठेवावा. पाऊच मशीनमधला पैसा मागे घेता येतो, ड्रायरमधला नाही.

हप्त्याच्या चार लाखांचा प्रश्न उरलाच होता, पण तो लाइनचा नव्हता. लाइन विकूनही कर्ज संपत नव्हतं. बँकेशी बोलून मुदत वाढवून घेणं हे त्याचं उत्तर, आणि ते सीएंनी त्याच आठवड्यात सुरू केलं.

पुन्हा विचार कधी करायचा, हे मात्र अण्णांनी ठरवलं, आणि ते नेमकं बोलले. शीतगृह रिकामं असताना. पावसाळा सरला, जुना गूळ संपला आणि नवा घ्यायचा आहे, तेव्हा अडकलेला पैसा सगळ्यात कमी असतो आणि बंद करणं सगळ्यात स्वस्त. ऐन हंगामात गोदाम भरलेलं असताना लाइन मोडली तर साठवलेले सगळे रवे घाईने सौद्यात ओतावे लागतील, आणि भाव पडतील ते पेढीच्याच मालाचे. त्यामुळे दरवर्षी पहिला रवा घ्यायच्या आधी तीन आकडे पुन्हा काढायचे: त्या दिवशीचा गुळाचा भाव, मशीनची मोडीची किंमत, आणि वितरकांकडून लेखी आलेली मागणी.